सर्वांत दीर्घायुषी कोण?

सहावी ते आठवीच्या मुलांच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर ठरलेलं असतं: कासव. सेंट हेलेना बेटावरचं जोनाथन हे कासव 1832च्या सुमारास जन्मलं असं मानतात. जमिनीवरच्या प्राण्यांपुरतं हे उत्तर चालेल, पण समुद्रात शिरलं की ते टिकत नाही.

2006 साली आइसलँडजवळ सापडलेल्या एका शिंपल्याचं वय 507 वर्षं निघालं. झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं त्याच्या कवचात दरवर्षी उमटतात. पहिल्या मोजणीत वय सुमारे शंभर वर्षांनी कमी भरलं होतं, कारण बिजागरीजवळच्या रेषा फार दाटीनं असतात. पुढे कवचाच्या दुसऱ्या भागावर ती पुन्हा मोजली गेली.

ग्रीनलँड शार्कला असं कवच नाही. तिच्या डोळ्यातल्या भिंगाचा गाभा जन्माआधीच तयार होतो, म्हणून त्यातल्या कार्बनवरून वय काढतात. 2016च्या अभ्यासातल्या सर्वांत मोठ्या शार्कचा अंदाज 392 वर्षं होता, त्यात 120 वर्षं इकडेतिकडे.

म्हणून प्रश्नात ‘पाठीचा कणा असलेला’ हे शब्द हवेतच. ते असले तर उत्तर शार्क, नसले तर शिंपल्यापुढे ते टिकत नाही. माझ्या मते उत्तरासोबत ‘वय कसं मोजलं?’ हेही विचारावं आणि गुण त्यालाच जास्त द्यावेत.