फडणीस: आधी पद, मग आडनाव

फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार, पोतदार. शाळेतल्या हजेरीपटावरची ही आडनावं अडीचशे वर्षांपूर्वी सरकारी पदं होती. फडणीस हिशेब पाहायचा, चिटणीस पत्रव्यवहार सांभाळायचा, पोतदार नाणी पारखायचा. पद बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे गेलं आणि होता होता घराण्याला चिकटलं. आज जिल्हाधिकारी किंवा आयुक्त हे कुणाचं आडनाव होईल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

हा फरक नेमका कशाचा, हे सांगायचं तर ‘तेव्हाचा कारभार जुना, आताचा नवा’ एवढं म्हणून भागत नाही. जुना म्हणजे कोणत्या बाबतीत? दप्तर तर तेव्हाही होतं, आणि चोख होतं. अशा वेळी हाताशी हवी एक मोजपट्टी. ती जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी तयार करून ठेवली आहे. तिचं नाव ‘आदर्श प्रारूप’.

या नावानेच पुष्कळ घोटाळा केला आहे. ‘आदर्श’ म्हटलं की आपल्याला आदर्श गाव, आदर्श शिक्षक आठवतात. वेबरच्या मनात तसं काही नव्हतं. १९०४ सालच्या ज्या निबंधात त्यांनी ही कल्पना मांडली, तिथे आदर्श याचा अर्थ ‘निव्वळ कल्पनेतला, विचारापुरता शुद्ध’ असा आहे. भूमितीतली रेषा जशी. तिला जाडी नसते, म्हणून ती कुठल्याच कागदावर सापडत नाही, पण तिच्यावाचून कागदावरची रेघ वाकडी किती हे सांगता येत नाही. नोकरशाहीचं प्रारूप मांडणाऱ्या वेबरना नोकरशाही फार प्रिय होती असंही नाही. माणूस तिच्या यंत्रात जखडला जाईल, ही चिंता त्यांच्या लिखाणात सतत दिसते.

आदर्श प्रारूप म्हणजे सरासरीही नव्हे. दहा देशांतली सरकारी कार्यालयं पाहून त्यांच्यातलं समान तेवढं उचललं, तर हाती येतं वर्णन. वेबरची रीत वेगळी आहे. प्रत्यक्षातून काही लक्षणं निवडायची, ती मुद्दाम टोकापर्यंत ताणायची आणि एकमेकांत अशी बसवायची की एका लक्षणातून दुसरं आपोआप निघावं.

नोकरशाहीच्या प्रारूपात हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. अधिकाऱ्याला ठरलेला पगार रोख मिळतो, म्हणजे त्याने गोळा केलेला सारा त्याचा नसतो. पद त्याच्या मालकीचं नसल्यामुळे त्याची बदली करता येते. माणूस बदलणार म्हटल्यावर काम त्याच्या डोक्यात ठेवून चालत नाही, ते कागदावर यावं लागतं. म्हणून दप्तर. दप्तर आणि नियम समजण्यासाठी शिक्षण हवं, म्हणून नेमणूक घराणं पाहून न होता पात्रता पाहून होते. वर कोण, खाली कोण, कुणाचा अधिकार कुठवर, हे लेखी ठरलेलं असतं. आणि कचेरी वेगळी, घर वेगळं, सरकारी तिजोरी वेगळी, स्वतःचा खिसा वेगळा. वेबरच्या ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या ग्रंथात ही मांडणी सविस्तर आहे. १९२० साली वेबर वारले आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी मारियान यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला.

या प्रारूपाशेजारी वेबरनी दुसरं एक उभं केलं. त्यात राज्य हे राजाच्या घराचाच विस्तार असतं. अधिकारी राजाची माणसं असतात, पद हे बक्षीस किंवा वतन असतं आणि उत्पन्नाचा वाटा हाच मोबदला. त्याला वतनी कारभार म्हणता येईल. दोन्ही टोकं शुद्ध, आणि खरी राज्यं त्यांच्यामध्ये कुठे कुठे पसरलेली.

आता पट्टी पुण्याच्या हुजूर दप्तराला लावून पाहू. काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, नाना फडणीस कारभारात असतानाचा. दप्तरात दोनशेहून अधिक कारकून बसत. चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर असे त्याचे मोठे भाग. चालू कामकाज पहिल्यात, आणि दुसऱ्यात सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून जमा, खर्च, शिल्लक यांचे तक्ते तयार होत. मोडी कागद आजही पुण्याच्या पुरालेखागारात कापडी रुमालांत बांधून ठेवले आहेत. त्यातल्या निवडक कागदांचेच गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली ४५ खंड निघाले. लेखी कारभार या लक्षणावर पेशवाई वेबरच्या पट्टीच्या फार जवळ येते.

नेमणुकीकडे वळलं की काटा दुसऱ्या टोकाला जातो. नानांचं फडणिशीचं पद घराण्यात त्यांच्या आजोबांपासून होतं. खुद्द पेशवेपद १७१३ पासून भट घराण्यात. जिल्ह्याच्या कारभारात मामलतदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, जमेनीस असे दरखदार असत, आणि त्यांची पदं वंशपरंपरेची. घर आणि कचेरी यांची सरमिसळ पैशातही दिसते. मामलतदार किंवा कमाविसदार नेमणुकीच्या वेळी सरकारात रसद भरत असे, म्हणजे वसूल व्हायचा असलेल्या साऱ्यापोटी स्वतःच्या किंवा सावकाराच्या पैशातून आगाऊ रक्कम. ती मग व्याजासह वसुलातून फेडून घ्यायची. सरकारचा पैसा कुठे संपला आणि कमाविसदाराचा कुठे सुरू झाला, ही रेघ इथे पुसट होते.

इथवर आलं की बरेच अभ्यासक ‘अर्धी नोकरशाही, अर्धी वतनदारी’ असा शेरा मारून थांबतात. खरं काम इथून पुढे आहे. वेबरच्या प्रारूपात दप्तर का लागतं? माणसं बदलतात म्हणून. मग जिथे फडणिशी बापाकडून मुलाकडे जाते, तिथे एवढं काटेकोर दप्तर कशासाठी? प्रारूपाशी तुलना केली नसती तर हा प्रश्न पडलाच नसता.

उत्तर दरखदारांच्या कामातच आहे. मामलतदाराच्या पत्रांवर आणि हुकुमांवर दिवाणाची सही लागे. हिशेब पुढे जाण्याआधी मुजुमदार तपासत असे. मामलतदार या मंडळींना काढू शकत नव्हता, आणि त्याची गैरचाल दिसली तर वर कळवणं हे त्यांचं काम होतं. मामलतदाराची नेमणूक मुदतीची, जरी ती पुष्कळदा वाढवून मिळत असली तरी. दरखदार मात्र पिढीजात. म्हणजे ज्या वंशपरंपरेला वेबरच्या पट्टीवर उणे गुण मिळतात, तीच वरिष्ठावर लक्ष ठेवणाऱ्या कनिष्ठाला संरक्षण देत होती. आजच्या कचेरीत हे काम सेवाशर्तींचे नियम करतात. पुण्यातलं दप्तर माणसं बदलतात म्हणून नव्हे, तर माणसांनी एकमेकांवर पहारा ठेवावा म्हणून होतं, असं म्हणायला यातून चांगला आधार मिळतो.

हा पहारा किती टिकला, तेही याच पट्टीवर दिसतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त बोली लावणाऱ्याला इजाऱ्याने जाऊ लागल्या. इजारदाराला ठरलेल्या मुदतीत आपली रक्कम वसूल करायची घाई, आणि त्याला अडवण्यात सरकारलाही रस उरला नाही. कागद तेच, हुद्दे तेच, पण पैशाच्या लक्षणावर कारभार वतनी टोकाच्याही पलीकडे, निव्वळ ठेक्याकडे गेला. पेशवाईला एकच एक ठसा मारला असता तर ही घसरण दिसली नसती.

प्रारूपाचा मोठा उपयोग मात्र दोन दूरच्या कारभारांची तुलना करताना होतो. वेबरनी चीनच्या धर्मांवर लिहिताना तिथल्या अधिकारीवर्गाचा बारकाईने विचार केला होता. चिंग राजवटीत अधिकारी होण्यासाठी अत्यंत कठीण स्पर्धा परीक्षा द्यावी लागे. ही परीक्षापद्धत १९०५ मध्ये बंद झाली. अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, आणि काही वर्षांनी त्याची बदली होई. घराण्याची मक्तेदारी मोडणारी ही योजना पुण्याहून फार पुढची. पण परीक्षा कसली? कन्फ्यूशियन अभिजात ग्रंथांची आणि निबंधलेखनाची. महसूल, कायदा, हिशेब यांचं खास ज्ञान त्यात नव्हतं. ते काम स्थानिक कारकुनांच्या हाती राही आणि परप्रांतातून आलेला साहेब त्यांच्यावर अवलंबून असे. पुण्यात नेमकं उलटं. फडणिसाचा मुलगा लहानपणापासून मोडी आणि हिशेब शिकत मोठा होई. ज्ञान पक्कं, पण दार इतरांना बंद. चीनमध्ये दार उघडं, पण आत शिरायला लागणारं ज्ञान कारभाराचं नव्हतं.

पुणे आणि पेकिंग थेट समोरासमोर ठेवले असते तर भाषा, धर्म, आकार अशा शंभर फरकांत हा मुद्दा हरवला असता. तिसरी पट्टी मध्ये असल्यामुळे दोघांचं अंतर एकाच मापाने मोजता आलं आणि ते विरुद्ध दिशांना आहे हेही कळलं. वेबरनी धर्मांचा अभ्यासही असाच केला. जगाकडे पाठ फिरवणारा वैरागी आणि जगातच राहून स्वतःला शिस्त लावणारा तपस्वी अशी दोन शुद्ध रूपं आखून त्यांनी वेगवेगळे पंथ त्यांच्यावर तपासले.

पट्टी चुकीची असू शकते का? हा प्रश्न उपयोगी की निरुपयोगी एवढाच असतो, असं वेबरपंथीय म्हणतात. पण प्रारूपातली लक्षणं एकमेकांतून निघतात हा दावा तपासता येतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली उडी यांनी १९५९ मध्ये दीडशे बिगर-औद्योगिक समाजांतल्या उत्पादनसंघटनांची माहिती घेऊन तेच केलं. वरिष्ठ-कनिष्ठ उतरंड असलेल्या संघटनांत कामगिरीवर भर देण्यासारखी लक्षणं सोबत येण्याऐवजी उलट कमी आढळली. वेबरनी जे एका धाग्यात ओवलं, ते इतरत्र सुटं सुटं असू शकतं. दुसरा धोका अभ्यासकाच्याच मनातला. प्रारूप इतकं सुबक असतं की त्यापासून दूर असलेलं सगळं अपुरं, मागास वाटू लागतं. दरखदाराची वंशपरंपरा ‘उणीव’ म्हणून सोडून दिली की तिचं काम दिसतच नाही.

गावपातळीवर या पट्टीचा शेवटचा मोठा टप्पा फार जुना नाही. १९५० मध्ये मुंबई राज्याने कायदा करून परगणे आणि कुलकर्णी वतनं रद्द केली. कुलकर्ण्याचं दप्तर त्याच्या घरात, रुमालांत बांधलेलं असे. जमिनीचा उतारा हवा असलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच ओसरीवर जाऊन बसावं लागे. वतन गेल्यावर ते दप्तर पगारी तलाठ्याकडे आलं. तलाठ्याची बदली झाली की तो जातो आणि दप्तर गावातच राहतं.