खर्चामागचे काम

छोट्या संशोधन अनुदानाच्या प्रस्तावात अंदाजपत्रकाच्या तक्त्याखाली खर्चाचे समर्थन लिहायचे असते. बहुतेक प्रस्तावांत ते शेवटच्या रात्री लिहिले जाते आणि तसे ते दिसतेही. 'क्षेत्रभेटींसाठी प्रवास आवश्यक आहे', 'विश्लेषणासाठी रसायने लागतील' अशी वाक्ये खोटी नसतात, पण ती कोणत्याही विषयाच्या प्रस्तावात जशीच्या तशी चालतात. तपासणाऱ्याला हवे असते ते एवढेच: हा आकडा कोणत्या कामातून आला? म्हणून पुनर्लेखन करताना तक्ता बाजूला ठेवून आधी कामाचा आराखडा उघडावा लागतो.

समजा, एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांना सहा गावांतल्या 30 विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट वर्षभरात तीनदा मोजायचे आहे. पहिल्या मसुद्यात प्रवास 30,000 रुपये, सहा महिन्यांसाठी क्षेत्र सहायक 36,000, रसायने व काचसामान 40,000 आणि लॅपटॉप 45,000 असे आकडे आहेत. प्रत्येकापुढे एकेक ओळ आहे, पण एकाही ओळीत विहिरींची संख्या नाही.

या कामाचा कणा म्हणजे नमुन्याचे आयुष्य. नायट्रेटसाठी घेतलेले पाणी थंड ठेवून 48 तासांच्या आत तपासावे लागते, कारण पाण्यातले जिवाणू नायट्रेटचे प्रमाण बदलतात. त्यामुळे 30 विहिरींचे पाणी आठवडाभर गोळा करून एकदम तपासता येत नाही. दिवसाला 10 विहिरी, संध्याकाळी नमुने प्रयोगशाळेत, दुसऱ्या दिवशी तपासणी, असा क्रम ठरतो. एका फेरीला तीन दिवस, तीन फेऱ्यांना नऊ दिवस गाडी लागते. बर्फाच्या पेटीचा खर्चही इथूनच निघतो, आणि पहिल्या मसुद्यात तो नव्हताच.

दररोज 10 नमुन्यांसोबत एक जोडनमुना आणि एक कोरा नमुना धरला, तर रोज 12 बाटल्या होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. निकाल त्या आकड्याच्या आसपास आला, तर मोजणीतली चूक किती हे जोडनमुन्यावरूनच कळते. म्हणून हा खर्च वाचवण्याजोगा नाही. वर्षभरात 108 तपासण्या होतील आणि रसायनांचे प्रमाण त्यावरून ठरेल. बाटल्या मात्र 108 लागणार नाहीत. त्या धुऊन पुढच्या फेरीत वापरता येतात, म्हणून 36 आणि फुटल्या-हरवल्यास चार, अशा 40 पुरतात. समर्थनात हा हिशेब उघड लिहिलेला असला की परीक्षकाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

आता उलट दिशेने तपासायचे, म्हणजे आराखड्यातल्या प्रत्येक कामापुढे खर्च आहे का हे पाहायचे. निकाल विहीरमालकांना सांगण्याचे काम प्रस्तावात लिहिलेले आहे, पण त्यासाठी तक्त्यात पैसा नाही. सहा गावांच्या बैठकांना गाडीचे आणखी दोन दिवस लागतील. दिवसाचे भाडे 2,500 रुपये धरले, तर 11 दिवसांचे 27,500 होतात. रक्कम आधीच्या 30,000 च्या जवळच आहे, पण ती आता दिवस मोजून दाखवता येते.

सहायकाचे काम नऊ दिवस विहिरींवर आणि नऊ दिवस प्रयोगशाळेत आहे. 700 रुपये रोजाने 18 दिवसांचे 12,600 होतात. सहा महिन्यांच्या नेमणुकीला आधार उरत नाही. लॅपटॉपमागेही काम सापडत नाही. शंभराच्या आसपास ओळींचा तक्ता महाविद्यालयाच्या संगणकावर सहज होतो, म्हणून तो वगळावा. असा खर्च ठेवला की परीक्षकाला बाकीचे आकडेही फुगवलेले वाटू लागतात, हे त्याचे खरे नुकसान.

नव्याने लिहिलेली प्रवासाची नोंद अशी दिसेल: 'नमुने 48 तासांत तपासायचे असल्याने दिवसाला 10 विहिरी, 30 विहिरी, तीन फेऱ्या, म्हणून नऊ दिवस. निकाल सांगण्यासाठी दोन दिवस. एकूण 11 दिवस, दररोज 2,500 रुपये, सोबत भाड्याचे दरपत्रक.' दरपत्रक नसेल, तर अनुदान देणाऱ्या संस्थेचा किंवा महाविद्यालयाचा मान्य दर नोंदवावा.

काही रक्कम मात्र एका कामाला बांधता येत नाही. संस्थेचा प्रशासकीय खर्च अनुदानाच्या नियमातील टक्केवारीनेच धरला जातो. त्याला ओढूनताणून एखादे काम जोडू नये. आकस्मिक खर्चात निदान छपाई, टपाल, सुटे भाग असा उल्लेख हवा.

अनुदान कमी मंजूर झाले, तर या बांधणीचा उपयोग लगेच दिसतो. सगळ्या शीर्षांना सरसकट कात्री लावली, तर दोनच फेऱ्या होऊन ऋतूंची तुलना अर्धवट राहू शकते. त्याऐवजी विहिरी 30 वरून 20 केल्या, तर नमुन्यांचे दिवस नऊवरून सहा होतात, गाडीचे 7,500 रुपये वाचतात, सहायकाचे दिवस 12 वर येतात, तपासण्या 72 होतात आणि तिन्ही फेऱ्या शाबूत राहतात. सुधारित अंदाजपत्रकासोबत हाच बदल कामाच्या आराखड्यातही करावा लागतो. नाहीतर उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी खर्च 20 विहिरींचा आणि वचन 30 विहिरींचे, असा मेळ न बसणारा हिशेब हाती येतो.