सातशे बेचाळीसची वाटणी

चौथीत भागाकार सुरू झाला की घरोघरी अभ्यासाच्या वेळी एक वाद हमखास रंगतो. बाबा सांगतात, ‘वरचा आकडा खाली घे.’ मुलगी अडून बसते, ‘बाई तसं नाही सांगत. बाई दशक सुटे करायला सांगतात.’ अशा कुरबुरी कानावर यायला लागल्या, तेव्हा एका मराठी शाळेतल्या वर्गशिक्षिकेने पालकांनाच पत्र लिहिले. धोरण, अध्यापनपद्धती वगैरे जड शब्द त्यात नव्हते. सगळे पत्र एका गणिताभोवती होते: ७४२ रुपये सात जणांत सारखे वाटायचे.

हे गणित बाईंनी मुद्दाम निवडले होते, कारण त्यात वर्गातली बरीच मुले फसतात. सात एके सात, बाकी शून्य. चार खाली घेतला, पण चाराला सातचा भाग जात नाही. मग दोनही खाली घेतला, झाले बेचाळीस. सात सक बेचाळीस, बाकी शून्य. उत्तर आले १६! बाकी उरलेली नाही, म्हणजे गणित बरोबर, असे समजून मूल वही मिटते.

या मुलाला बाई वर्गात खेळातल्या नोटा देतात. शंभराच्या सात, दहाच्या चार आणि रुपयाची दोन नाणी. शंभराची एकेक नोट सात जणांना दिली की शतक संपले. आता दहाच्या चार नोटा सात जणांत कशा वाटणार? नोट फाडता येत नाही. म्हणून दशकाच्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला शून्य आले आणि ते तिथे लिहायलाच हवे. मग चारही नोटा सुट्या करायच्या. त्यांचे चाळीस रुपये आणि आधीचे दोन मिळून बेचाळीस नाणी झाली. प्रत्येकाला सहा मिळाली. आता कुणाही एकाच्या हातातले पैसे मोजले तर ते १०६ भरतात.

‘भाग जात नाही’ या जुन्या वाक्याचा अर्थ इथे कळतो. चाळीस रुपये सात जणांत वाटता येत नाहीत, असे ते म्हणत नाही. दशकाच्या नोटा तशाच ठेवून वाटता येत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे.

‘वरचा आकडा खाली घे’ याचेही तसेच. ४३२ ला ३ ने भागताना शंभराच्या चार नोटांपैकी तीन वाटल्या जातात आणि एक उरते. ती मोडली की दहाच्या दहा नोटा मिळतात, आधीच्या तीन धरून तेरा. घरी ज्याला आपण नुसते ‘तेरा’ म्हणतो, ते तेरा दशक असतात, म्हणजे १३०. त्यातले चार-चार दशक वाटून एक उरतो. तो सुटा केला की आधीच्या दोनांसह बारा एकक होतात आणि प्रत्येकाला चार मिळतात. उत्तर १४४. आकडेमोड अगदी आजोबांच्या काळातलीच. प्रत्येक पायरीला आपण नेमके काय वाटतो आहोत, एवढे फक्त मुलाला ठाऊक असते.

लिहिण्यात मात्र एक फरक आहे आणि तो बारीक वाटला तरी कामाचा आहे. अनेक पालक भाज्याच्या उजवीकडे कंस काढून त्यात उत्तर लिहायला शिकले. तिथे एकापाठोपाठ एक अंक लिहीत गेले की मधले शून्य गाळले तरी जागा रिकामी दिसत नाही. बाई उत्तर भाज्याच्या डोक्यावर लिहायला लावतात, श, द, ए असे रकाने आखून. दशकाचा रकाना मोकळा राहिला की तो लगेच डोळ्यांत भरतो.

घरी मुलाने १६ लिहिलेच तर खोडरबर उचलू नका, अशी बाईंची विनंती आहे. सात जणांना सोळा-सोळा रुपये दिले तर किती संपले, एवढेच विचारा. ११२. मग उरलेले ६३० कुठे गेले? आणि गणित सुरू करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न: प्रत्येकाला शंभरापेक्षा जास्त मिळतील की कमी? सातशेहून अधिक रुपये सात जणांत वाटायचे म्हटल्यावर सोळा हे उत्तर तिथेच बाद होते.

पाढ्यांपासून सुटका मात्र नाही. सात सक बेचाळीस आठवत नसेल तर मूल एकेक नाणे वाटत बसते आणि तास संपतो. नोटाही कायमच्या नसतात. रकाने नीट भरता यायला लागले की त्या पेटीत जातात.

दोन अंकी भाजक आला की त्या तशाही अपुऱ्या पडतात. ७३६ रुपये २३ जणांत वाटायचे तर शंभराच्या सात नोटा कुणालाच पुरत नाहीत. त्या मोडून ७३ दशक करायचे. आता प्रत्येकाला किती, हे नोटा सांगत नाहीत, अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी पानाच्या कडेला तेवीसचा छोटा पाढा लिहायचा: २३, ४६, ६९, ९२. तीन-तीन दशक दिले की ६९ संपले आणि चार उरले. ते सुटे करून आधीच्या सहांत मिळवले की ४६ होतात, म्हणजे प्रत्येकाला आणखी दोन. उत्तर ३२.