आमटी दुप्पट, फोडणी पावणेदोनपट

चार माणसांच्या तुरीच्या आमटीला फोडणी किती घालायची, हे बहुतेक घरांत हाताला ठाऊक असते. एक लिटर तयार आमटी, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम तूरडाळ शिजवून पळीवाढी केलेली. तिला २० मिलिलिटर तेल, चहाचा अर्धा चमचा मोहरी, तितकेच जिरे आणि कढीपत्त्याची आठ-दहा पाने पुरतात. हे प्रमाण रोजच्या जेवणात कधी चुकत नाही. चुकते ते सत्यनारायणाला शंभर पाने उठवायची असतात तेव्हा, किंवा घरात एकटेच माणूस उरते तेव्हा. शंभर माणसांना वीस लिटर आमटी लागते, म्हणून सगळे वीसपट केले तर वाटीत तेलाचा जाड थर येतो आणि जिऱ्याचा वास चिंच-गुळावर चढून बसतो. एका वाटीसाठी सगळे पाव केले तर मोहरी तडतडतच नाही.

फोडणीतले जिन्नस पातेल्याबरोबर एकाच गतीने वाढत नाहीत, हे याचे कारण. तेल, मोहरी, जिरे आणि कढीपत्ता यांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि म्हणून वाढीचा हिशेबही वेगळा आहे.

सुरुवात तेलापासून करावी लागते, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. फोडणीतले थोडे तेल डाळीच्या पिठूळपणात मिसळून जाते, पण बरेचसे वर येऊन तवंग धरते. म्हणून आमटी तेलकट लागते की नाही, हे केवळ डाळीच्या मापावर ठरत नाही. तवंगाला पसरायला किती जागा आहे, यावरही ठरते. अठरा सेंटिमीटर रुंदीच्या पातेल्यात एक लिटर आमटी जेमतेम चार सेंटिमीटर उभी राहते. वीस लिटर आमटी छत्तीस सेंटिमीटरच्या टोपात घेतली तर ती वीस सेंटिमीटर उंच भरते. आमटी वीसपट झाली, पण तिचा वरचा पृष्ठभाग फक्त चौपट वाढला. त्यावर वीसपट, म्हणजे ४०० मिलिलिटर तेल ओतले तर तवंग घरच्या आमटीच्या जवळजवळ पाचपट जाड होतो. आणि पृष्ठभागाच्या हिशेबाने फक्त ८० मिलिलिटर घातले, तर खालच्या डाळीत मिसळायला तेलच उरत नाही. आमटी कोरडी, डाळीच्या वासाची लागते. खरे माप या दोन टोकांच्या मध्ये आहे.

ते मध्यम माप काढायला एक सोपा अंदाज उपयोगी पडतो. आमटी दुप्पट झाली की तेल पावणेदोनपट करावे. एका लिटरला २०, दोनला ३५, चारला ६०, आठला १०५, सोळाला १८५ आणि तिथून वीस लिटरला साधारण सव्वादोनशे मिलिलिटर. दरवेळी पाव भाग मागे ठेवत गेल्याने मोठ्या पातेल्यापर्यंत पोचताना सरळ गुणाकाराच्या तुलनेत जवळजवळ निम्मे तेल वाचते. चवीत उणे काही जाणवत नाही. उलट चिंच, गूळ आणि गोडा मसाला आपापल्या जागी लागतात.

इथे पातेल्याचे माप आणि आमटीचे माप यांत गल्लत होऊ देऊ नये. पाच लिटरचे पातेले अर्धे भरलेले असेल तर फोडणी अडीच लिटरची करायची. मोठ्या टोपात किती आमटी आहे हे मोजायचे असेल, तर टोपाची रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्यावी आणि आमटीची खोली उलथन्याच्या दांड्याने मोजावी. रुंदीला रुंदीने गुणावे, मग खोलीने, त्याचे ०.८ घ्यावे आणि हजाराने भागावे. ३६ रुंद आणि २० खोल टोपासाठी उत्तर वीस लिटरच्या किंचित वर येते. उभ्या भिंतींच्या टोपाला हा हिशेब चालतो. गोल बुडाच्या कढईला नाही.

चमच्यांचीही तीच गत आहे. घरोघरचा 'चमचा' वेगळा असतो, आणि चहाचा चमचा व पोह्यांचा चमचा यांत बरेच अंतर पडते. लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीवर जे छोटे माप येते, त्यावर ५, १० आणि १५ मिलिलिटरच्या खुणा असतात. घरचे चमचे आणि फोडणीची पळी एकदा त्या मापाने पाणी ओतून मोजून ठेवली, की पुढचे सगळे सोपे होते. या लेखातला चमचा पाच मिलिलिटरचा आहे.

मोहरीचे वागणे तेलाच्या उलट आहे. मोहरीचा तिखट झणका दाणा वाटल्यावर किंवा भिजवून कुटल्यावर सुटतो, म्हणून लोणच्यातली मोहरी नाकात जाते. गरम तेलात पडलेल्या अख्ख्या दाण्यात तो झणका तयारच होत नाही, कारण तो तयार करणारा घटक उष्णतेने निकामी होतो. उरतो तो भाजलेल्या दाण्याचा खमंग, सौम्य वास. म्हणून मोहरी जवळजवळ सरळ प्रमाणात वाढवली तरी आमटी बिघडत नाही. शिवाय प्रत्येक वाटीत चार दाणे दिसावेत अशी वाढणाऱ्याची अपेक्षा असते आणि दाणे आमटीभर विखुरतात, तवंगासारखे वर गोळा होत नाहीत. वीस लिटरला दहा चमचे, म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम मोहरी योग्य.

जिऱ्याला मात्र हात आखडता घ्यावा. जिऱ्याचा सुगंध तेलात उतरतो आणि तेलाबरोबर सगळ्या पातेल्यात पसरतो. मोठा टोप लवकर निवत नाही. पंगत संपेपर्यंत तास-दीड तास तो गरमच असतो आणि तेवढा वेळ जिरे आपला अर्क सोडत राहते. घरच्या पातेल्याला ही सवड मिळत नाही. त्यामुळे जिऱ्याला तेलाचाच नियम लावावा: दुप्पट आमटीला पावणेदोनपट. वीस लिटरला दहा नव्हे, पाच-साडेपाच चमचे जिरे भरपूर झाले.

कढीपत्त्याचे गणित सरळ आहे, पण त्याचा वास उडून जाणारा आहे. सरळ प्रमाणाने वीस लिटरला दोनशे पाने लागतात. एका काडीवर पंधरा-वीस पाने धरली तर दहा-बारा काड्या झाल्या. या सगळ्या एकदम फोडणीत टाकणे दोन कारणांनी चूक आहे. पहिले असे, की लांब उकळीत त्यांचा वास निघून जातो आणि शेवटच्या पंगतीला काळपट, बेचव पाने तेवढी मिळतात. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ताज्या पानांत पाणी पुष्कळ असते. मूठभर ओली पाने तापल्या तेलात एकदम पडली, तर तेल फसफसून कढईच्या काठावर येते आणि उघड्या ज्योतीवर सांडते. पाने आधी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. निम्मी पाने आच बंद करून, थोडी थोडी, बाजूला उभे राहून फोडणीत सोडावीत. उरलेली हाताने चुरडून, वाढण्यापूर्वी पाच मिनिटे आमटीत घालावीत.

फोडणीचा क्रम लहान-मोठ्या पातेल्यांना तोच असतो, पण आचेची वेळ बदलते आणि मोठ्या फोडणीतली सर्वांत जास्त नासाडी इथेच होते. २० मिलिलिटर तेल चटकन तापते आणि जिरे, पाने पडताच चटकन निवतेही. त्यामुळे घरी मोहरी तडतडल्यावर गॅस चालू ठेवूनच जिरे टाकले तरी बाधत नाही. सव्वादोनशे मिलिलिटर तेल ज्योत बंद केल्यावरही बराच वेळ धगीत असते. अशा तेलात चालू आचेवर पाच चमचे जिरे टाकले, तर ते फुलून तांबूस होतात आणि कोणी हिंगाचा डबा उघडेपर्यंत काळे पडतात. मोठ्या फोडणीत मोहरीचा तडतडाट ओसरू लागताच आच बंद करावी आणि मगच जिरे, हिंग, कढीपत्ता आणि शेवटी हळद घालावी. हळद सर्वांत आधी जळते, म्हणून ती टाकल्यावर थांबू नये, फोडणी लगेच ओतावी. ओतताना टोपातली आमटी उसळती नसावी. कढईला चिकटलेले तेल आणि दाणे वाया जाऊ नयेत म्हणून ओगराळेभर आमटी कढईत फिरवून परत टोपात ओतावी.

लहान टोकाला अडचण वेगळी. पावणेदोनपटीचा हिशेब उलटा लावला तर अर्ध्या लिटरला साडेअकरा मिलिलिटर तेल येते, ते ठीक आहे. पाव लिटरला मात्र साडेसहा येते, आणि एवढ्यात फोडणी होत नाही. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. तो सगळ्या बाजूंनी तापून फुटायचा, तर तेलात बुडला पाहिजे. रुंद कढईत चमचाभर तेल कागदाइतके पातळ पसरते. दाणे एका बाजूने करपतात आणि दुसऱ्या बाजूने कच्चे राहून दाताखाली कडू लागतात. एका वाटीच्या आमटीलाही दोन चमचे तेल घ्यावे, ते खोलगट लोखंडी पळीत घ्यावे आणि पळी तिरपी धरावी, म्हणजे तेल एका कडेला साचते. मोहरी पाव चमच्याहून कमीच असावी. जास्तीचे तेल नको असेल, तर फोडणी झाल्यावर दाणे आणि थोडेसे तेल आमटीत सोडून उरलेले तेल भाजीला वापरता येते.

माप बरोबर बसले की नाही, हे फोडणी पडल्यावर दहा मिनिटांनी पाहावे. आमटी न ढवळता वरून डावभर घ्यावी आणि उजेडात किंचित कलती करावी. तेलाचे लहान गोल थेंब सुटे सुटे दिसले तर प्रमाण नेमके आहे. थेंब एकमेकांना मिळून सलग पडदा झाला असेल तर तेल जास्त आहे. ते ढवळण्याआधी ओगराळ्याने वरच्या वर काढून घेता येते. थेंब दिसतच नसतील आणि वाफेला डाळीचाच वास येत असेल तर फोडणी अपुरी पडली. तेव्हा वरून कच्चे तेल कधीही घालू नये. अर्ध्या मापाची दुसरी फोडणी करून ओतावी. करपलेल्या फोडणीला मात्र इलाज नाही. मोहरी काळी ठिक्कर पडून धूर निघू लागला तर ते तेल फेकून नवे घ्यावे. सव्वादोनशे मिलिलिटर तेल गेल्याचे वाईट वाटते खरे, पण ते वाचवायला गेले तर वीस लिटर आमटी कडू होते.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. घट्ट वरण तेल पोटात घेते आणि तवंग फारसा येऊ देत नाही, म्हणून फोडणीच्या घट्ट वरणाला वरच्या मापापेक्षा थोडे अधिक तेल चालते. कटाची आमटी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. पुरणाच्या डाळीचे निथळलेले पाणी पातळ असते, सगळे तेल वर येते आणि होळीच्या पुरणपोळीबरोबर ती आमटी वाढताना लाल तवंग दिसलाच पाहिजे, असा खाणाऱ्यांचा आग्रह असतो. तिथे तेलाला सरळ गुणाकाराच्या जवळ नेले तरी चालते. जिरे मात्र तिथेही पावणेदोनपटीनेच वाढवावे.