काळरेषेवरच्या खुणा आणि इंग्रजीतले काळ

इंग्रजी व्याकरणाच्या वर्कशीटमध्ये बऱ्याचदा वर एक आडवी रेघ काढलेली असते आणि खाली रिकाम्या जागा दिलेल्या असतात. या रेघेला काळरेषा म्हणतात. डावीकडे भूतकाळ, उजवीकडे भविष्यकाळ आणि मध्ये कुठेतरी ‘आत्ता’ दाखवणारी उभी रेघ असते. एकदाच घडून संपलेली घटना फुलीने दाखवतात, काही वेळ चालणारी क्रिया नागमोडी रेघेने आणि पुन्हा पुन्हा घडणारी क्रिया ओळीने मांडलेल्या फुल्यांनी. पुस्तकागणिक या खुणा थोड्या बदलतात, त्यामुळे कोपऱ्यात खुणांचा खुलासा दिला असेल तर तो आधी वाचावा.

मुले खूण रेघेच्या डावीकडे दिसली की भूतकाळ लिहून मोकळी होतात. पण डावी बाजू फक्त एवढेच सांगते की घटना आधी सुरू झाली. नेमका काळ ठरवायला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खूण ‘आत्ता’च्या रेघेला येऊन टेकते का, आणि वाक्य कोणत्या क्षणी उभे राहून त्या घटनेकडे पाहते आहे? हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली याच विचाराची नेटकी मांडणी केली. बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि जिथून घटनेकडे पाहिले जाते तो क्षण, असे तीन बिंदू त्याने वेगळे केले.

एक काळरेषा घेऊ. ‘आत्ता’ची रेघ सकाळी १० वाजता आहे. ८:३० ते ९:४० नागमोडी रेघ असून तिच्यावर ‘पाऊस’ लिहिले आहे. ९ वाजता फुली आहे, गाडी सुटली. ९:१५ ला दुसरी फुली आहे, मीरा स्टेशनवर पोहोचली. तिथूनच एक नागमोडी रेघ निघून थेट १० पर्यंत जाते, ती मीरा वाट पाहत असल्याची. १०:३० ला पुढची गाडी आहे.

मीराचे पोहोचणे सोपे आहे. वेळ ठरलेली, घटना संपलेली, म्हणून साधा भूतकाळ ‘रीच्ड’. आता ९:१५ च्या फुलीवर बोट ठेवून इतर खुणा पाहाव्यात. त्या क्षणी पावसाची नागमोडी रेघ चालूच आहे, म्हणून ‘वॉज रेनिंग’. गाडीची फुली मात्र बोटाच्या डावीकडे राहते, म्हणजे भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधी. म्हणून ‘व्हेन मीरा रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. इथे ‘लेफ्ट’ लिहिले तर अर्थच फिरतो: मीरा आली आणि गाडी सुटली, असे वाटू लागते. वाक्यात ‘बिफोर’ असेल तर क्रम त्या शब्दानेच कळतो, तेव्हा साधा भूतकाळही चालतो.

इथे मराठीची सवय आड येते. ‘काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत सहज बोलले जाते, त्यापुढे दुसरी घटना असावी लागत नाही. तेच इंग्रजीत नेले की ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे’ तयार होते. काळरेषेवर तिथे एकच फुली असते. जिच्या आधी ती घडली म्हणायचे अशी दुसरी खूण नसेल, तर ‘हॅड’ला आधारच नाही.

वाट पाहण्याची रेघ ‘आत्ता’ला टेकते, म्हणून ‘हॅज बीन वेटिंग सिन्स ९:१५’. मराठीत ‘ती सव्वानऊपासून वाट पाहतेय’ असे वर्तमानकाळात म्हटले जाते, त्यामुळे वर्कशीटवर हमखास ‘इज वेटिंग सिन्स’ उमटते. सुरुवातीचा क्षण दिला असेल तर रेघेची दोन्ही टोके काळात दिसायला हवीत. खूण ‘आत्ता’च्या जवळ असणे मात्र पुरेसे नाही. ९:५५ ची फुली ‘फाइव्ह मिनिट्स अगो’ या शब्दांसह आली तर साधा भूतकाळच येतो. याउलट फुलीला वेळच दिलेली नसेल आणि तिच्यापासून एक बाण ‘आत्ता’पर्यंत काढला असेल, तर परिणाम अजून टिकून आहे असे समजायचे: मीराचे तिकीट हरवले आहे, ‘हॅज लॉस्ट’.

काही गोष्टी रेघ दाखवतच नाही. १०:३० ची खूण पाहून ‘लीव्हज’ की ‘विल लीव्ह’ हे सांगता येत नाही. वेळापत्रकाचा संदर्भ दिला असेल तर ‘लीव्हज’ जास्त नैसर्गिक. ‘नो’, म्हणजे ओळखणे, यासारख्या क्रियापदाची रेघ वाट पाहण्याच्या रेघेसारखीच दिसते, तरी उत्तर ‘हॅज नोन’ असते, ‘हॅज बीन नोइंग’ नव्हे. तिथे चित्रापेक्षा क्रियापदाच्या स्वभावावर भिस्त ठेवावी लागते.