छोट्या गोळ्यावरची दाटी

धातूचे दोन गोळे आहेत, एक मोठा व एक लहान. ते लांब, बारीक तारेने जोडले आणि त्यांना विद्युत प्रभार दिला, तर जास्त प्रभार कोणावर जाईल? वर्गात दोन उत्तरे हमखास येतात: ‘निम्मा-निम्मा’ आणि ‘लहानावर, कारण तिथे घनता जास्त’. दोन्ही चूक आहेत.

तारेतून प्रभार वाहतो, तो दोन्ही गोळ्यांचे विभव सारखे होईपर्यंत. गोळ्याचे विभव V = kQ/R. V सारखे झाले की Q त्रिज्येच्या प्रमाणात वाटला जातो. समजा, त्रिज्या 10 सेंमी व 2 सेंमी आहेत आणि एकूण प्रभार 60 नॅनोकूलोम आहे. मोठ्याला 50 मिळतील, लहानाला 10. दोघांचे विभव 4500 व्होल्ट. मात्र लहानाचे पृष्ठफळ मोठ्याच्या पंचविसावा भागच आहे. पाचवा हिस्सा प्रभार पंचविसाव्या हिस्सा जागेत मावायचा, म्हणून पृष्ठघनता पाचपट. पृष्ठालगतचे विद्युतक्षेत्र V/R, म्हणजे मोठ्यापाशी सेंमीला 450 व्होल्ट, तर लहानापाशी 2250.

तार लांब का हवी? गोळ्यांच्या केंद्रांत 2 मीटर अंतर असेल, तर मोठ्याच्या प्रभारामुळे लहानाच्या जागी 225 व्होल्टचे विभव येते. 4500 पुढे ते फारसे नाही. अंतर 30 सेंमी केले की ते सुमारे 1500 होते. मग लहानाला कमी प्रभार पुरतो आणि पाचपटीचा हिशेब बिघडतो. गोळे एकमेकांना चिकटवले, तर लहान गोळा कितीही लहान घ्या, त्याची सरासरी घनता मोठ्याच्या 1.65 पटीपलीकडे जात नाही. तार बारीक हवी, ती स्वतः फारसा प्रभार अडवू नये म्हणून.

आता हा हिशेब कुर्ल्याच्या रुळांवर नेऊ. 3 फेब्रुवारी 1925 रोजी भारतातली पहिली विजेची प्रवासी गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली, 1500 व्होल्टवर. त्या विभवाच्या तारेला दूरवर जोडलेल्या 2 मिमी त्रिज्येच्या गोळ्यापाशी क्षेत्र होईल सेंमीला 7500 व्होल्ट. हवा साधारण 30,000 पर्यंत तग धरते. कुर्ल्याच्या हार्बर मार्गावर 2016 पासून 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. त्याचे शिखर सुमारे 35,000. त्याच गोळ्यापाशी क्षेत्र होईल 1,75,000! हवा तग धरावी, तर त्रिज्या निदान 1.2 सेंमी हवी. फार लहान गोळ्यांपाशी हवा थोडे अधिक सोसते, म्हणून हा आकडा अंदाजाचा. पण 1,75,000 त्याच्या कितीतरी पलीकडे आहे.

मर्यादा ओलांडली की हवा आयनित होते: जांभळट प्रभा, सुरसुर आवाज, ओझोनचा वास. म्हणून उच्च दाबाच्या जोडण्यांना टोके ठेवत नाहीत, कडा गोलाकार करतात. बाहेर सुटून आलेला तारेचा एखादा बारीक धागा हा लांब तारेवरच्या छोट्या गोळ्यासारखाच वागतो. पृष्ठावरचा बुटका उंचवटा मात्र चिकटलेल्या गोळ्यासारखा, म्हणून कमी घातक.

वर्गात मुलांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: प्रभार कुठे जास्त? आणि दाटी कुठे जास्त?