पहिल्या ओळीत काय लिहाल?

डोंबिवली पूर्वेतला ५६० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके विकायचा आहे असं धरू. मालक लिहितो : ‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या जागी.’ हे तर सगळेच लिहितात. मोबाइलवर जाहिरातींची यादी चाळणाऱ्याला जेमतेम पहिली ओळ दिसते. तिथं शेजारच्या फ्लॅटकडे नसलेलं काहीतरी हवं : ‘स्टेशनपासून चालत आठ मिनिटं, दोन्ही बेडरूमना पूर्वेची खिडकी, स्वतःचं झाकलेलं पार्किंग.’ मिनिटं मात्र स्वतः चालून मोजावीत, नाहीतर पहिल्याच भेटीत बिंग फुटतं.

त्यानंतर कार्पेट, मजला, लिफ्ट आणि किंमत. बिल्टअपचा फुगवलेला आकडा नको. रेरा आल्यापासून गिऱ्हाईक कार्पेटच विचारतं.

लहानपण लपवू नये, फक्त पहिल्या ओळीत आणू नये. दुसरी बेडरूम नऊ बाय आठची असेल तर मापासकट लिहावं : ‘सिंगल बेड, कपाट आणि अभ्यासाचं टेबल बसतं.’ ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं की लोक उगाच आणखी लहान खोली डोळ्यांपुढे आणतात.

मॉड्युलर किचन, नवा रंग शेवटी. मेन्टेनन्स आणि ओसी मात्र विसरू नका. बँकेचं कर्ज काढणारा आधी तेच विचारतो.